बोर्डावर २३ ‘डन’, डेमोला चार मुद्दे: एका स्प्रिंट रिव्ह्यूच्या यादीचं प्रकरण

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला मी डेमोची यादी करायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला स्प्रिंट रिव्ह्यू होता. बोर्डाच्या शेवटच्या रकान्यात २३ तिकिटं होती. दोन आठवड्यांत २३ म्हणजे आमच्या टीमसाठी चांगलाच आकडा, आणि प्रॉडक्ट ओनरनी तो दुपारीच ग्राहकाला फोनवर सांगूनही टाकला होता.

आधी काम काय आहे ते सांगते. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून रोजची वसुली मोबाइलवर नोंदवतो, खिशातल्या छोट्या थर्मल प्रिंटरवर पावती काढून देतो, संध्याकाळी शाखेत रोख भरतो, आणि मग शाखा दिवसअखेर करते. रिव्ह्यूला पतसंस्थेचे व्यवस्थापक, त्यांचे जुने रोखपाल आणि दोन एजंट ऑनलाइन येतात. ही माणसं आपलं काम सोडून तासभर बसतात, आणि त्यांना तिकिटं कळत नाहीत. वसुली, पावती, भरणा आणि पासबुक मात्र आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. यादी करताना हे मनात ठेवावं लागतं.

पहिलं काम सोपं. जिरामध्ये चालू स्प्रिंटची पूर्ण झालेली तिकिटं काढायची:

```
project = PIG AND sprint = 118 AND statusCategory = Done
```

हा शोध स्प्रिंट बंद करण्याआधीच चालवावा. तिकिटाच्या स्प्रिंट या रकान्यात ते ज्या ज्या स्प्रिंटमधून गेलं त्या सगळ्यांची नोंद राहते. स्प्रिंट बंद झाला, उरलेली तिकिटं पुढे सरकली आणि तिथे पूर्ण झाली, की हाच शोध तीही दाखवायला लागतो. महिन्याभराने चालवला तर मागचा स्प्रिंट होता त्याहून भरीव दिसतो.

२३ तिकिटांवरून नजर फिरवली तर तीन तिकिटांवर कामच झालेलं नव्हतं. दोन ‘करायचं नाही’ असं ठरवून बंद केलेली आणि एक आधीच्याच तिकिटाची पुनरावृत्ती. बंद करताना कारण काहीही निवडलं तरी तिकीट ‘डन’च्याच रकान्यात जाऊन बसतं. म्हणून शोधात `resolution` बघावं लागतं. आणखी दोन तिकिटं या स्प्रिंटच्या आधीच पूर्ण झाली होती आणि गुण मोजले जावेत म्हणून कुणीतरी ती मागाहून या स्प्रिंटमध्ये ओढली होती. ती दोन्ही ग्राहकाने मागच्या रिव्ह्यूत पाहिलेलीच होती. जिराच्या स्प्रिंट रिपोर्टमध्ये अशी तिकिटं वेगळ्या मथळ्याखाली दिसतात, बोर्डावर मात्र ती इतरांसारखीच दिसतात.

उरली १८. इथवरचं काम जिरात बसून होतं. खरं काम यापुढचं, कारण जिरा सांगतं ते तिकिटाबद्दल, आणि गुरुवारी आम्ही दाखवणार होतो तो स्टेजिंगवरचा बिल्ड.

स्टेजिंगवरच्या अ‍ॅपमध्ये ‘माहिती’ या पानाच्या तळाशी बिल्ड कोणत्या कमिटवरून काढला ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्या दिवशी तिथे `7c1e4ab` होतं, दुपारी दोनचा बिल्ड. मी १८ तिकिटं घेतली आणि त्या कमिटच्या इतिहासात एकेक शोधत गेले. कोडच्या मुख्य शाखेच्या ताज्या टोकावर शोधायचं नाही, जो बिल्ड दाखवणार आहोत त्याच्याच इतिहासात शोधायचं. फरक लहान वाटतो, पण दोन तिकिटं तिथेच अडकली. दोन्ही मर्ज झाली होती ती दुपारी चारला. बोर्डावर ‘डन’, स्टेजिंगवर पत्ता नाही. टेस्टरने ती पाहिलेलीच नव्हती. त्यांच्यासाठी नवा बिल्ड चढवता आला असता, पण मग बाकीच्या सगळ्यांची तपासणी पुन्हा करावी लागली असती, आणि बुधवारी दुपारी बारानंतर डेमोच्या बिल्डला हात लावायचा नाही असा आमचा ठराव आहे. दुपारी दोनचा बिल्डसुद्धा एका घाईच्या दुरुस्तीसाठी तो ठराव वाकवूनच चढवलेला होता.

मग `PIG-412` ची पाळी आली.

```
git log 7c1e4ab --oneline --grep="PIG-412"

b90d2f1 Revert "PIG-412 offline collection sync"
3fa6c08 PIG-412 offline collection sync
```

वरची ओळ नंतरची. म्हणजे काम आत आलं आणि पुन्हा बाहेर काढलं गेलं. मी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या, कारण त्या स्प्रिंटचं सगळ्यांत वाट पाहिलेलं काम हेच होतं. बाजारपेठेच्या आतल्या गाळ्यांत, तळघरातल्या दुकानांत नेट लागत नाही. एजंटाने तिथे नोंद केली की ती फोनमध्ये राहावी आणि नेट आल्यावर आपोआप सर्व्हरवर जावी, एवढीच मागणी होती. ग्राहक तीन रिव्ह्यूंपासून ती विचारत होता.

टेस्टरला विचारलं तेव्हा सगळं कळलं. मंगळवारी रात्री ती सगळ्या जुन्या गोष्टी पुन्हा तपासत होती. फोन विमान मोडवर टाकून तिने तीन खात्यांवर वसुली नोंदवली, मग नेट चालू केलं आणि लगेच लिफ्टमध्ये शिरली. नेट आलं, गेलं, पुन्हा आलं. वर येऊन पासबुक उघडलं तर एका खात्यावर ₹२०० च्या दोन जमा, एकाच मिनिटाच्या. तिने मला तो स्क्रीनशॉट दाखवला. दोन ओळी एकाखाली एक, अगदी सारख्या, आणि शिल्लक दोनशेने जास्त. एजंट रोख भरणार दोनशे, खात्यात जमा चारशे. हे शाखेत घडलं असतं तर दिवसअखेरीला तफावत एजंटाच्या नावावर निघाली असती आणि ती त्याच्याकडूनच भरून घेतली गेली असती.

कारण समजायला कठीण नाही. अ‍ॅपने नोंद पाठवली, सर्व्हरने ती लिहून घेतली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येण्याआधी नेट गेलं. अ‍ॅपला वाटलं नोंद पोचलीच नाही, म्हणून त्याने पुन्हा पाठवली. आणि ही आधीचीच नोंद आहे हे ओळखायला सर्व्हरकडे काही साधन नव्हतं. डेव्हलपरच्या टेबलावर वाय-फाय कधी अर्ध्यात तुटत नाही, त्यामुळे त्याच्याकडे हे एकदाही दिसलं नव्हतं. टेस्टरने रात्रीच सांगितलं, दुसऱ्या एकाने कोड मागे घेतला, तिकिटाकडे कुणी पाहिलं नाही.

तिकिटाकडे पाहिलं गेलं नाही यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. वर्षभरापूर्वी आम्हीच एक स्वयंचलित नियम लावला होता: कोड मर्ज झाला की तिकीट आपोआप ‘डन’. हाताने सरकवायचा त्रास वाचला म्हणून सगळे खूश होते. पण कोड मागे घेणं हासुद्धा गिटच्या लेखी एक नवा कमिटच. तिकीट मागे ढकलणारा नियम कुणी लिहिलाच नव्हता. म्हणजे आमच्या बोर्डावरच्या ‘डन’चा अर्थ हळूहळू ‘एकदा मर्ज झालं होतं’ इतकाच उरला होता. कागदावरची व्याख्या मात्र जुनीच होती: दुसऱ्याने कोड पाहिलेला, मुख्य शाखेत गेलेला, स्टेजिंगवर चढलेला आणि तिथे टेस्टरने चालवून पाहिलेला.

डेव्हलपरला फोन केला. तो घरी निघाला होता.

“अगं, दुरुस्ती झालीय. कोड रिव्ह्यूला टाकलीय, उद्या सकाळी कुणीतरी बघेल. माझ्या फोनवर जुना बिल्ड आहे तो चालतोय ना. मी माझाच फोन स्क्रीनवर दाखवतो, दोन मिनिटांचं काम आहे.”

“नेट मध्येच तुटलं तर?”

“डेमोत कशाला तुटेल?”

त्याचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. दोन आठवडे त्याने त्या कामात घातले होते आणि ग्राहकाला काहीतरी दिसावं असं त्याला मनापासून वाटत होतं. प्रॉडक्ट ओनरही आधी त्याच्याच बाजूचे होते, “निदान चित्र तरी दाखवू.” मी त्यांना स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतलं वाक्य दाखवलं. त्यात स्पष्ट आहे की जे काम पूर्णतेच्या व्याख्येत बसत नाही ते रिलीज तर करायचं नाहीच, स्प्रिंट रिव्ह्यूत मांडायचंही नाही, ते परत बॅकलॉगमध्ये जातं. पण नियमाने ते पटले नाहीत. पटले ते वेगळ्या गोष्टीने. मी विचारलं, “उद्या त्यांनी चालताना पाहिलं, तर सोमवारी ते एजंटांना काय सांगतील?” ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “काढून टाका यादीतून. पण का नाही हे मी स्वतः सांगेन.”

असं १८ मधून तीन गेली आणि १५ राहिली. ही खरोखर पूर्ण झालेली.

मग मी उलटा शोधही घेतला, कारण झालेलं काम यादीत नसणं हीसुद्धा चूकच. आमच्याकडे सपोर्टची माणसं तक्रार आली की थेट तिकीट काढतात आणि स्प्रिंटचा रकाना रिकामा सोडतात.

```
project = PIG AND sprint IS EMPTY
AND status CHANGED TO Done AFTER startOfDay(-13d)
```

एक तिकीट सापडलं. पावतीवर खातेदाराचं नाव मराठीत छापताना लांब नाव मधेच कापलं जात होतं आणि जोडाक्षर तुटून हलन्त दिसत होतं. ही तक्रार रिव्ह्यूला येणाऱ्या एजंटानेच केली होती. चौथ्या दिवशी ती दुरुस्त झाली, तपासली गेली, आणि बोर्डावर कुठेच नव्हती. हा शोध घेतला नसता तर त्या माणसासमोर आम्ही तासभर बोललो असतो आणि त्याच्याच कामाचं नाव काढलं नसतं.

आता हातात १६ तिकिटं होती. त्यातली सात पडद्यावर दिसणारी नव्हती: लायब्ररी वर नेणं, चाचण्या लिहिणं, लॉग कमी करणं वगैरे. ती रिव्ह्यूनंतर जाणाऱ्या पत्रात एकेका ओळीने लिहिली. त्यातलं एकच तोंडी सांगायचं ठरवलं, कारण त्याचा परिणाम शाखेला जाणवणार होता. दिवसअखेरीचा अहवाल निघायला चाचणीच्या डेटावर ११ मिनिटं लागायची, इंडेक्स लावल्यावर दोन मिनिटांच्या आत निघायला लागला. हे दाखवायला दोन मिनिटं सगळ्यांना फिरत्या चक्राकडे बघत बसवण्यात अर्थ नाही. दोन आकडे पुरेसे.

राहिली नऊ. इथे नवखा माणूस तिकिटांच्या क्रमांकाने यादी करतो. मीही पूर्वी तसंच करायचे. त्याने होतं काय, की `PIG-405` मध्ये सर्व्हरचा भाग, `PIG-418` मध्ये स्क्रीन, `PIG-422` मध्ये छापील अहवाल, असं एकाच कामाचे तीन तुकडे तीन जण तीन वेळा दाखवतात, आणि रोखपाल शेवटी विचारतात, “मग तफावत बघायची कुठे?” ही तीन तिकिटं मिळून एकच ओळ झाली. यादीत ती अशी लिहिली: शाखेचा माणूस भरणा घेतल्यावर एजंटनिहाय तफावत पाहतो आणि छापतो, दाखवणार टेस्टर, शाखेचं लॉगिन, तीन एजंट, त्यातल्या एकाची ₹५० कमी, आठ मिनिटं, विचारायचं ते असं की कमी-जास्त दोन्ही एकाच अहवालात हवंय का.

प्रत्येक ओळीत शेवटी एक प्रश्न असतो. प्रश्न सुचत नसेल तर ती गोष्ट दाखवण्याची खरंच गरज आहे का, हे मी पुन्हा बघते. त्या नियमाने एका बटणावरचा बदललेला मजकूर यादीतून निघून पत्रात गेला. उरलेल्या आठ तिकिटांचे चार मुद्दे झाले. पावतीवरचं नाव सगळ्यांत आधी, मग एजंटनिहाय तफावत, मग खाते उघडताना वारस नोंद, आणि शेवटी मुदतपूर्व खाते बंद करताना व्याजाचा हिशोब. मिळून २५ मिनिटं. तासातली उरलेली ३५ मिनिटं बोलण्यासाठी मोकळी ठेवली.

मुदतपूर्व बंद करण्याचा डेमो सोपा दिसतो आणि तिथेच लोक फसतात. त्याला काही महिने जुनं, रोजच्या जमा असलेलं खातं लागतं. आज उघडलेल्या खात्यावर व्याजाचा हिशोब दाखवता येत नाही. टेस्टरने असं एक खातं स्क्रिप्टने भरून ठेवलं होतं. मी त्याचा क्रमांक यादीत लिहिला आणि सोबत दुसऱ्या एका तशाच खात्याचाही लिहिला, कारण रंगीत तालमीत पहिलं खातं बंद होणार आणि बंद झालेलं खातं पुन्हा बंद करता येत नाही.

बुधवारी संध्याकाळी तालीम केली, सगळं चोख झालं. गुरुवारी साडेनऊला पुन्हा केली तर तफावतीची स्क्रीन कोरी. रात्री अकराला स्टेजिंगवरही दिवसअखेर आपोआप चालते, दिवस बंद होतो, आणि ती स्क्रीन फक्त चालू दिवसाची तफावत दाखवते. आदल्या दिवशी मांडलेले तीन एजंट आणि ते कमी पडलेले पन्नास रुपये कालच्या तारखेत गेले होते. सकाळी पुन्हा वसुली नोंदवली, भरणा केला, सव्वादहापर्यंत स्क्रीन भरली. तेव्हापासून मी शेवटची तालीम रिव्ह्यूच्या दिवशीच ठेवते. तारखेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आदल्या दिवशीच्या तालमीवर विसंबता येत नाही.

रिव्ह्यू सुरू झाला तेव्हा प्रॉडक्ट ओनरनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, “काल मी २३ म्हणालो होतो. खरोखर पूर्ण झालेली १६ आहेत. आणि ऑफलाइन वसुली या वेळी होत नाहीये.” मग दुहेरी जमेचं कारण त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं आणि पासबुकाचा तो स्क्रीनशॉट दाखवला. व्यवस्थापक नाराज झाले, ते लपवलं नाही. पण रोखपाल स्क्रीनशॉटकडे बघत म्हणाले, “हे आत्ता सापडलं ते बरं झालं. असल्या नोंदी शोधायला आम्हाला रात्र जाते.”

तिथेच डेव्हलपरने आपल्या दुरुस्तीबद्दल सांगितलं. त्याने असं केलं होतं की एकाच दिवशी, एकाच खात्यावर, तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती नाकारणार. ऐकायला बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं. मी फक्त विचारलं, “एकाच दिवसात एकच माणूस दोनदा तेवढेच पैसे देतो का?”

दोन एजंटांपैकी वयाने मोठे होते ते लगेच म्हणाले, “देतो की मॅडम. बाजाराच्या दिवशी सकाळी बोहनी झाली की शंभर देतात, संध्याकाळी गल्ला चांगला झाला तर आणखी शंभर. माझ्याकडे असे पाच-सहा दुकानदार आहेत.”

डेव्हलपर म्हणाला, “मग माझी दुरुस्ती संध्याकाळचे शंभर गिळून टाकेल.” दुहेरी जमेपेक्षा हे वाईट. एजंटाने पैसे घेतले, पावती दिली, आणि खात्यात जमाच नाही.

पुढची दहा मिनिटं डेमो बाजूला राहिला आणि खरं काम झालं. पावती क्रमांक फोनवरच तयार व्हावा, नोंद करण्याच्या क्षणी, नेट असो वा नसो. त्यात एजंटाचा क्रमांक असावा म्हणजे दोन फोनवर एकच आकडा निघणार नाही. नोंद कितीही वेळा पाठवली तरी क्रमांक तोच राहावा, आणि सर्व्हरने त्या क्रमांकाची दुसरी नोंद लिहू नये, फक्त ‘मिळाली आहे’ असं कळवावं. रोखपालांनी एक भर घातली: फोन बदलला तर क्रमांक पहिल्यापासून सुरू होता कामा नये. ते आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हतं. रिव्ह्यूत डेव्हलपरचा तो फोन आम्ही जोडून दाखवला असता तर यातलं काहीच निघालं नसतं. सगळ्यांनी मान डोलावली असती आणि ती दुरुस्ती शुक्रवारी मर्ज झाली असती.

शुक्रवारी आम्ही तो स्वयंचलित नियम बदलला. मर्ज झालेलं तिकीट आता ‘तपासणीसाठी’ या रकान्यात थांबतं आणि तिथून पुढे फक्त टेस्टरच सरकवते, तेही स्टेजिंगवरच्या बिल्डचा कमिट तिकिटावर लिहून. कोड मागे घेतला की तिकीट परत आणायची जबाबदारी मागे घेणाऱ्याची. हे अजून हातानेच चालतं आणि कधीतरी राहून जाईल, म्हणून बुधवारची इतिहासातली तपासणी मी सोडलेली नाही. पुढच्या स्प्रिंटला बोर्डावर १४ होती. तपासून १३ राहिली.

त्या १३ मध्ये `PIG-412` होतं. रिव्ह्यूत ते आम्ही दाखवलं नाही, मोठ्या एजंटकाकांनाच त्यांच्या फोनवर चालवायला दिलं. त्यांनी फोन विमान मोडवर टाकला, एका खात्यावर शंभर नोंदवले, थोड्या वेळाने पुन्हा शंभर. मग नेट चालू केलं, बंद केलं, चालू केलं, अगदी टेस्टर सांगेल तसं. रोखपालांनी त्यांच्या स्क्रीनवर पासबुक उघडलं आणि मोठ्याने वाचलं: शंभर, शंभर, पावती क्रमांक वेगळे, दोनच नोंदी.